पेपरने विचारलेला प्रश्न आणि आकड्यांनी दिलेलं उत्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात निवासी डॉक्टर, नर्सिंग कॉलेजचे शिक्षक आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले काही सहकारी मिळून आम्ही वैद्यकीय संशोधनाचे पेपर वाचतो. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा निघतात, म्हणून ते इथे लिहून ठेवले आहेत. उदाहरणासाठी एकच अभ्यास घेतला आहे आणि तो आपल्या अगदी शेजारचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा हा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. त्याचा मुख्य पेपर २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अभ्यास उत्तम आहे, आणि म्हणूनच तो निवडला. चांगल्या अभ्यासातसुद्धा विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर यांत अंतर असतं हे एकदा दिसलं, की बाकीचे पेपर वाचताना नजर आपोआप तिकडे जाते.

पेपरमध्ये उद्दिष्ट स्पष्ट लिहिलेलं असतं. मग उत्तर वेगळ्या प्रश्नाचं कसं येईल?

उद्दिष्ट लिहिलं जातं ते काम सुरू होण्याआधी, आणि शब्दांत. उत्तर येतं ते प्रत्यक्ष कोण आलं, काय मोजता आलं आणि किती वर्षं मोजलं यावरून. मधल्या काळात गोष्टी सरकतात. बहुतेक वेळा यात कोणाची लबाडी नसते. हवी ती गोष्ट मोजायला वीस वर्षं लागणार असतात, म्हणून तिच्या जवळची दुसरी गोष्ट मोजली जाते. किंवा तीन गटांची आपापसात तुलना हवी असते, पण प्रत्येकाची तुलना चौथ्याच गटाशी होते.

उस्मानाबादच्या पेपरचं उद्दिष्ट पाहा. ऑक्टोबर १९९९ मध्ये काम सुरू झालं. एचपीव्ही चाचणी, पॅप तपासणी, किंवा ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने केलेली तपासणी (हिला सगळे व्हीआयए म्हणतात), यांपैकी एकीची एकच फेरी केली तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांवर काय परिणाम होतो, हे त्यांना मोजायचं होतं. निष्कर्षात मात्र वाक्य असं आहे की एचपीव्ही चाचणीच्या एका फेरीने पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू लक्षणीय घटले. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. ‘कर्करोगाचं प्रमाण’ या शब्दांच्या जागी ‘पुढच्या टप्प्यातले कर्करोग’ आले आहेत. भरभर वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

‘कर्करोग’ आणि ‘पुढच्या टप्प्यातला कर्करोग’, यात एवढं काय?

फार मोठा फरक आहे, आणि तो पेपरच्या तक्त्यातच दिसतो. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, तर कंट्रोल गटात, म्हणजे नेहमीच्या व्यवस्थेवर ठेवलेल्या गटात, ३१,४८८. आठ वर्षांत एचपीव्ही गटात १२७ जणींना कर्करोगाचं निदान झालं आणि कंट्रोल गटात ११८ जणींना. गटांचा आकार लक्षात घेतला तर हे दोन आकडे जवळजवळ सारखेच आहेत. म्हणजे ‘एका फेरीने कर्करोगाचं प्रमाण घटतं का’ या मूळ प्रश्नाला आठ वर्षांपुरतं ‘घटलेलं दिसलं नाही’ असंच उत्तर आलं.

आता त्याच संख्या आतून पाहू. एचपीव्ही गटातल्या १२७ पैकी ३९ कर्करोग दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले होते. कंट्रोल गटात ११८ पैकी ८२. तपासणीने जे केलं ते इथे दिसतं: रोग लवकर सापडला. तपासणी करायला गेलं की आधीपासून असलेले, अजून त्रास न देणारे कर्करोगही सापडतात आणि त्या गटाच्या एकूण निदानांत भर पडते. दुसरीकडे कर्करोगाआधीचे बदल सापडून त्यांवर उपचार झाले की पुढे होणारे काही कर्करोग टळतात. आठ वर्षांच्या एकूण बेरजेत या दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून एका फेरीच्या अभ्यासात टप्पा आणि मृत्यू पाहणं जास्त शहाणपणाचं आहे, आणि लेखकांनी सगळे आकडे उघड दिले आहेत. त्यांनी काहीच लपवलेलं नाही. गडबड होते ती वाचणाऱ्याकडून. ‘एचपीव्ही चाचणीने कर्करोग निम्म्यावर आला’ हे वाक्य चर्चेत हमखास ऐकू येतं. निम्म्यावर आले ते पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू. ज्या बाईला कर्करोग व्हायचा होता तिला तो झालाच नाही, असं हा तक्ता म्हणत नाही.

मग पेपर वाचायला घेतल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

आम्ही निष्कर्ष झाकून ठेवतो. खरोखर कागद ठेवून. मग थेट मुख्य निकालाच्या तक्त्यावर जातो आणि फक्त त्या तक्त्यावरून एक प्रश्न लिहितो: कोणत्या लोकांमध्ये, कशाची कशाशी तुलना करून, नेमकं काय, किती काळ मोजलं. तक्त्याचं शीर्षक, रकान्यांची नावं, एकूण संख्या आणि तळाच्या टिपा एवढ्यावरून हे लिहिता आलं पाहिजे. तळाच्या टिपा सोडू नका. कोणाला वगळलं, कशासाठी आकडे जुळवून घेतले, हे बहुतेक वेळा तिथेच बारीक अक्षरांत असतं.

या अभ्यासाचा तक्ता पाहून लिहिलेला प्रश्न साधारण असा होतो: ‘मराठवाड्याच्या एका ग्रामीण जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांना एकदाच तपासणीला बोलावणं आणि न बोलावणं, यात आठ वर्षांत पुढच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत आणि त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत किती फरक पडतो?’ हा लिहून झाल्यावरच प्रस्तावनेतलं उद्दिष्ट वाचायचं आणि दोन्हींतला शब्द न् शब्द ताडून पाहायचा. जिथे शब्द बदलला असेल तिथे पेन्सिलने खूण करा. बाकीची चर्चा त्या खुणांभोवतीच होते.

उलटा क्रम घेतला, म्हणजे आधी उद्दिष्ट आणि मग तक्ता, तर डोळा तक्त्यात उद्दिष्टच शोधतो. अनुभवी माणसांचंही असंच होतं.

‘तपासणी’ऐवजी ‘तपासणीला बोलावणं’ असं का लिहिलं?

कारण भागाकारात खाली घेतलेली संख्या बोलावलेल्या स्त्रियांची आहे. ३४,१२६ हा आकडा एचपीव्ही गटाच्या गावांमधल्या सगळ्या पात्र स्त्रियांचा आहे. त्यातल्या साधारण पाचांपैकी चौघी तपासणीला आल्या. ज्या आल्या नाहीत त्याही हिशोबात राहिल्या आणि त्यांचे मृत्यूही याच गटाच्या खात्यावर मोजले गेले.

हे मुद्दाम केलेलं असतं आणि योग्यच असतं. वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती, आणि तीही एकेका बाईची नाही. गावांचे ५२ समूह करून अख्खे समूह वाटले गेले. स्वतःहून तपासणीला आलेल्या आणि न आलेल्या स्त्रिया मात्र शिक्षण, पैसा, घरचा पाठिंबा अशा अनेक बाबतींत वेगळ्या असू शकतात. फक्त आलेल्यांची तुलना कंट्रोल गटाशी केली की चिठ्ठ्यांनी साधलेला सारखेपणा हातचा जातो.

म्हणून मृत्यू जवळजवळ निम्मे झाले (प्रमाण ०.५२) हे उत्तर कार्यक्रम राबवणाऱ्याच्या प्रश्नाला आहे: मी गावोगाव अशी मोहीम काढली तर त्या गावांत काय होईल? समोर बसलेल्या मावशी जेव्हा विचारतात, ‘मी टेस्ट केली तर मला किती फायदा?’ तेव्हा तो प्रश्न वेगळा असतो. त्यांचा फायदा बहुधा या आकड्यापेक्षा जास्त असेल, पण तक्त्याने तो सरळ मोजलेला नाही.

व्हीआयए आणि पॅपमध्ये फरक ‘लक्षणीय नव्हता’. म्हणजे त्या तपासण्या निरुपयोगी आणि एचपीव्ही त्यांच्यापेक्षा सरस, हे सिद्धच झालं ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

मृत्यूंचे आकडे असे आहेत: एचपीव्ही गटात ३४, पॅप गटात ५४, व्हीआयए गटात ५६ आणि कंट्रोल गटात ६४. गट सारख्या आकाराचे नाहीत, म्हणून दर १०,००० स्त्रियांमागे काढा. अंदाजे १०, १७, १६ आणि २० येतात. हा ढोबळ हिशोब आहे. पेपरमध्ये समूह आणि काळ धरून तो नीट केला आहे. पण चित्र कळायला एवढं पुरतं.

व्हीआयएचं कंट्रोलशी प्रमाण ०.८६ आलं आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.६० ते १.२५. याचा अर्थ, व्हीआयएने मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होतात ही शक्यता या आकड्यांशी जुळते, आणि २५ टक्क्यांनी वाढतात हीसुद्धा जुळते. ‘फायदा नाही’ असं यातून निघत नाही. ‘या अभ्यासातून ठरवता येत नाही’ एवढंच निघतं. पहिलं वाक्य लिहायला अरुंद इंटर्व्हल लागतो, एकच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेला.

आता दुसरा भाग. एचपीव्हीचा इंटर्व्हल ०.३३ ते ०.८३ आहे. तो आणि व्हीआयएचा इंटर्व्हल बऱ्याच भागात एकमेकांवर येतात. एक फरक लक्षणीय आणि दुसरा नाही, यावरून त्या दोघांमधला फरक लक्षणीय ठरत नाही. तो वेगळा मोजावा लागतो. या पेपरची मुख्य तुलना प्रत्येक तपासणीची कंट्रोलशी होती. एचपीव्ही आणि व्हीआयए समोरासमोर उभे केलेले नव्हते. माझ्या मते एचपीव्ही सरस असावी, पण हे मत मी फक्त मृत्यूंच्या तक्त्यावरून बनवलेलं नाही.

मग कशावरून?

त्याच पेपरमध्ये आणखी एक निकाल आहे, जो उद्दिष्टात ठळक नव्हता पण एका वेगळ्याच आणि फार कामाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. ज्यांची तपासणी निगेटिव्ह आली त्यांच्यापैकी पुढे किती जणींना कर्करोग झाला? पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये हा दर एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होता.

हा प्रश्न ‘कार्यक्रमाने मृत्यू घटतात का’ असा नाही. ‘निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावर किती वर्षं निर्धास्त राहता येईल’ असा आहे. एकदाच तपासणी व्हायची असेल, पुन्हा कधी गाडी गावात येईल याचा भरवसा नसेल, तर हाच प्रश्न महत्त्वाचा. निष्कर्षाच्या एका ओळीवर थांबणाऱ्याला हा निकाल दिसतच नाही.

एकाच अभ्यासातून दोन पेपर आले आणि ते वेगवेगळं सांगतात असं वाटतं. कोणता खरा?

दोन्ही खरे आहेत. त्यांची उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. उस्मानाबादच्या अभ्यासाचा आधीचा पेपर २००५ साली आला. तेव्हा मृत्यू मोजण्याइतका काळ गेलेला नव्हता. त्यात तपासणीला आलेल्यांपैकी किती जणींमध्ये कर्करोगाआधीचे गंभीर बदल सापडले ते दिलं आहे: व्हीआयएने ०.७ टक्के, पॅपने १.० टक्के, एचपीव्हीने ०.९ टक्के. हे आकडे एकमेकांच्या जवळचे आहेत. तो पेपर वाचून कोणी म्हणालं की तिन्ही तपासण्या साधारण सारख्याच, तर ते ‘किती सापडलं’ या प्रश्नापुरतं ठीक आहे.

२००९ च्या पेपरने ‘किती जणी वाचल्या’ ते मोजलं आणि गट वेगळे पडले. सापडणं आणि वाचणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. सापडलेला बदल खराच धोक्याचा होता का, जो निसटला तो किती घातक होता, बाई उपचाराला आली का. मधली पायरी मोजणारा पेपर शेवटच्या पायरीबद्दल बोलायला लागला की तिथे खूण करायची.

हे किती अंगाशी येऊ शकतं याचं जुनं उदाहरण हृदयरोगातलं आहे. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली जात, कारण त्यांनी जादा ठोके थांबतात हे दिसलं होतं. ठोके थांबले म्हणजे मृत्यू टळले असं धरलं गेलं. अमेरिकेत कास्ट नावाच्या अभ्यासात मृत्यूच मोजले. १९९१ च्या पेपरप्रमाणे औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ‘औषधाने ठोके थांबतात का’ याचं उत्तर आधीही होय होतं आणि नंतरही होयच राहिलं.

व्हीआयएने मृत्यू घटतात असं दुसऱ्या अभ्यासांत आलं आहे. मग आपल्याकडचा अभ्यास चुकला का?

तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात व्हीआयएच्या एका फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचा पेपर २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तो पेपर २०१४ चा. उस्मानाबादचा ०.६० ते १.२५ हा इंटर्व्हल पुन्हा पाहा. ३५ आणि ३१ टक्के घट म्हणजे प्रमाण ०.६५ आणि ०.६९. दोन्ही त्या इंटर्व्हलच्या आत बसतात. विरोध वाटतो, कारण आपण ‘लक्षणीय नाही’ला ‘परिणाम नाही’ असं वाचलं.

शिवाय व्हीआयए माणसाच्या नजरेवर चालते. कोणी केली, किती प्रशिक्षण होतं, किती वेळा केली, पॉझिटिव्ह आलेलीवर पुढे काय उपचार झाले, हे सगळं त्या एका शब्दात दडलेलं असतं. तिन्ही पेपरांत शब्द तोच असला तरी मोजलेली गोष्ट तीच नाही.

हा निकाल सोलापूर शहरातल्या खाजगी दवाखान्यात लागू करता येईल का?

थोडाच. अभ्यासातल्या बायकांची त्याआधी तपासणी जवळपास झालेलीच नव्हती, आणि तपासणीमागे पुढची तपासणी व उपचार यांची बांधलेली व्यवस्था उभी होती. शहरात एखादी बाई दर तीन वर्षांनी पॅप करून घेत असेल, तर ‘नियमित पॅप की एचपीव्ही’ हा तिचा प्रश्न या अभ्यासाने विचारलेला नाही. एका फेरीच्या पॅपचा निकाल घेऊन नियमित पॅपवर टीका करू नका. आणि उलट बाजूने, जिथे पॉझिटिव्ह आल्यावर पुढे पाठवायची सोयच नाही तिथे नुसतं किट विकत घेऊन ०.५२ ची अपेक्षा ठेवू नका.

आमच्या एमडीच्या प्रबंधात हे कुठे चुकतं?

शीर्षकात. समजा विषय घेतला: ‘यंत्रमागाच्या आवाजाचा कामगारांच्या श्रवणशक्तीवर परिणाम’. काम कसं होतं? अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत जाऊन त्या दिवशी कामावर असलेल्यांची ऑडिओमेट्री केली जाते, किती वर्षं काम करताय ते विचारलं जातं, आणि जास्त वर्षंवाल्यांमध्ये दोष जास्त असा तक्ता बनतो. तक्त्याने दिलेलं उत्तर आहे: ‘आज मागावर असलेल्या कामगारांमध्ये नोकरीची वर्षं आणि श्रवणदोष यांचा काय संबंध आहे?’ ज्यांना ऐकू येईनासं झालं म्हणून ते काम सोडून गेले, ते तक्त्यात नाहीत. म्हणजे नुकसान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं. दुसरीकडे, जास्त वर्षंवाले वयानेही मोठे असतात आणि वयाने ऐकू कमी येतंच, म्हणून वय जुळवून घेतलं नसेल तर नुकसान जास्त दिसू शकतं. ‘परिणाम’ हा शब्द या दोन्ही गोष्टींवर पांघरूण घालतो.

आकडे आल्यावर कळलं की उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे. मग सिनॉप्सिसमधलं उद्दिष्ट बदलायचं का?

मागे जाऊन बदलू नका. एथिक्स कमिटीकडे गेलेलं उद्दिष्ट जसंच्या तसं ठेवा, आणि निकालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की ठरवलं काय होतं, मोजता काय आलं आणि फरक कशामुळे पडला. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर मुख्य निकष काय नोंदवला होता ते परीक्षक उघडून पाहू शकतात. तुम्हीही दुसऱ्याचा पेपर वाचताना तिथे जाऊन पाहा. नोंदणीतला मुख्य निकष आणि पेपरातला मुख्य निकष वेगळे असतील, आणि बदलाचं कारण कुठेच दिलं नसेल, तर तो निकाल पक्कं उत्तर म्हणून घेऊ नका. ती पुढच्या अभ्यासाची सूचना आहे, एवढंच समजा.

उद्दिष्टाचं उत्तर ‘ठरवता आलं नाही’ असं आलं तर तसंच लिहा, कॉन्फिडन्स इंटर्व्हलसकट. गाईड ‘काहीतरी सिग्निफिकंट दाखव’ म्हणाले, तर त्यांना उस्मानाबादच्या पेपरमधली व्हीआयएची ओळ दाखवा.